सूत्रात लांबी नाही, मग ४५ मीटरचा नियम कुठून आला?

प्रश्न: दोन्ही टोकांना जखडलेल्या दांड्यातला तापमानाचा स्ट्रेस E, α आणि ΔT यांवरच ठरतो, लांबी सूत्रात येतच नाही, असं शिकलो. मग ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला एक्स्पान्शन जॉइंट द्या असं कोड का सांगतं? आमची इमारत ९६ मीटर लांब आहे, दोन्ही टोकांना जिना-लिफ्टचे कोअर आहेत. मध्ये एक जॉइंट पुरेल का, की सॉफ्टवेअरमध्ये टेम्परेचर लोड घालून जॉइंट टाळता येईल?

उत्तर:

तुम्ही शिकलात ते बरोबर आहे. गडबड एवढीच की तुमची इमारत तो दांडा नाही. पण दोन्ही टोकांना कोअर ठेवून तुम्ही तिला त्या दांड्याच्या बरंच जवळ नेऊन ठेवलं आहे. म्हणून आधी दांड्यापासूनच सुरू करतो.

१० मीटरचा स्टीलचा दांडा घ्या. α म्हणजे अंशाला १२ × १०⁻⁶. तापमान ३० अंशांनी वाढलं तर मोकळा दांडा ३.६ मिमी वाढेल. दोन्ही टोकं पक्की धरली असतील तर ही सगळी वाढ दाबून परत आत घालावी लागते.

```
σ = E α ΔT = 200000 × 12e-6 × 30 = 72 MPa
```

दांडा १ मीटरचा असो की १०० मीटरचा, उत्तर ७२ एमपीएच येतं. लांब दांड्याला जास्त वाढायचं असतं, पण ती वाढ पसरायला त्याच्याकडे लांबीही तेवढीच जास्त असते, म्हणून स्ट्रेन तोच राहतो. आता एका टोकाला फक्त १ मिमी फट सोडा. १ मीटरचा दांडा ०.३६ मिमीच वाढतो, तो फटीपर्यंत पोचतही नाही, म्हणून स्ट्रेस शून्य. १० मीटरच्या दांड्यातली १ मिमी वाढ फटीत जाते, २.६ मिमी उरते आणि स्ट्रेस ५२ एमपीए होतो. १०० मीटरच्या दांड्याच्या ३६ मिमीतले ३५ उरतात, स्ट्रेस ७० एमपीए. जखडण जराही ढिली झाली की लांबी अशी गणितात परत शिरते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे.

टोकाला फट नसून स्प्रिंग असेल तरी हिशोब तसाच चालतो:

```
F = α ΔT L / ( L/EA + 1/k1 + 1/k2 )
```

k1 आणि k2 हे दोन टोकांच्या आधारांचे कडकपणे. दोन्ही अनंत झाले की L कटून जातो आणि आपलं जुनं सूत्र उरतं. k लहान असेल तर L कटत नाही.

साध्या फ्रेमच्या इमारतीत स्लॅबची टोकं कोणी धरलेली नसतात, ती हवेत मोकळी असतात. स्लॅबला अडवतात ते कॉलम, आणि तेही वाटेत ठिकठिकाणी लावलेल्या स्प्रिंगांसारखे. कॉलमांची मांडणी दोन्ही बाजूंना सारखी असेल तर इमारतीचा मध्य जागचा हलत नाही आणि तिथून जितकं दूर जावं तितकी स्लॅबची हालचाल वाढत जाते. फुटिंग जमिनीत असतं, तिथलं तापमान जवळपास स्थिर, म्हणून फुटिंग जागेवरच राहतं. वरचे सगळे मजले साधारण एकसारखे आखडतात, त्यामुळे एका मजल्याचा वरच्या मजल्याशी फारसा वाद होत नाही. वाद होतो तो फुटिंग आणि पहिला स्लॅब यांच्यात. मधले मजले निवांत असतात, तळमजल्याचे टोकाचे कॉलम मात्र मार खातात. गच्चीचा स्लॅब उन्हात असल्याने त्याची वेगळी कहाणी आहे, ती पुढे येईल.

आता तुमच्याच लांबीवर आकडे घालू. कोअर क्षणभर बाजूला ठेवा आणि नुसती फ्रेम धरा. ६ मीटरचे १६ गाळे, म्हणजे एका ओळीत १७ कॉलम. ओळींमधलं अंतर ५ मीटर, चार ओळी. कॉलम ३०० × ४५०, त्यातले ४५० लांबीच्या दिशेने. तळमजल्याची उंची ३.५ मीटर, स्लॅब १५० मिमी, काँक्रीट एम२५, म्हणजे E २५,००० एमपीए. काँक्रीटचा α खडीवर ठरतो. बेसॉल्ट किंवा चुनखडीच्या खडीत तो कमी असतो, क्वार्ट्झाइटमध्ये जास्त. सरासरी १० × १०⁻⁶ घेऊ. तापमान २० अंशांनी उतरलं असं समजा.

टोकाचा कॉलम मध्यापासून ४८ मीटरवर आहे. तिथे स्लॅबला ९.६ मिमी आत सरकायचं आहे. कॉलम वर-खाली दोन्हीकडे फिक्स धरला तर त्याचा कडकपणा 12EI/h³, म्हणजे मिलिमीटरला सुमारे १६ किलोन्यूटन. ९.६ मिमीला १५३ किलोन्यूटन शिअर आणि २६८ किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. ३०० × ४५० च्या कॉलमला हा झेपणारा नाही.

आणि स्लॅब? मध्याच्या एका बाजूचे आठ कॉलम ६, १२, १८ असे ४८ मीटरपर्यंत उभे आहेत. प्रत्येकाचा शिअर त्याच्या अंतराच्या प्रमाणात. सगळ्यांची बेरीज मधल्या गाळ्याच्या स्लॅबमध्ये ताण म्हणून जमा होते: एका ओळीमागे सुमारे ६९० किलोन्यूटन. त्या ओळीच्या वाट्याला येणारं स्लॅब-बीमचं क्षेत्र ८,८५,००० चौ. मिमी आहे, म्हणजे स्ट्रेस ०.७८ एमपीए. पूर्ण जखडलेल्या दांड्याचं सूत्र लावलं असतं तर ५ एमपीए आला असता. तेव्हा नुसत्या फ्रेमच्या इमारतीत स्लॅब पूर्ण जखडीच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर असतो. स्लॅब स्वतःही थोडा ताणला जातो, त्यामुळे टोकाची हालचाल ९.६ पेक्षा दहाएक टक्के कमीच होईल. पण त्याने चित्र बदलत नाही.

मध्ये जॉइंट द्या. आता ४८ मीटरचे दोन तुकडे, आणि प्रत्येकाचा न हलणारा बिंदू आपापल्या मध्याशी. सर्वात दूरचा कॉलम २४ मीटरवर. हालचाल ४.८ मिमी, मोमेंट १३४, म्हणजे बरोबर निम्मा. स्लॅबमधला ओढ १९१ किलोन्यूटन, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या किंचित वर. कॉलमचा मोमेंट लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि स्लॅबमधला ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. लांबीचा नियम इथून आला आहे. ४५ मीटर हा काही निसर्गाचा आकडा नाही. नेहमीच्या कॉलमांना आणि नेहमीच्या तापमानाला वेगळा हिशोब न करता जे चालून जातं, त्याची ती मर्यादा आहे. हिशोब करून तुम्ही ती ओलांडू शकता, फक्त तो हिशोब खरा हवा.

खरा हिशोब करताना वरचे मोमेंट जसेच्या तसे घ्यायचे नाहीत. ऋतूबरोबर होणारा बदल महिनोन्महिने चालतो, तेवढ्या काळात काँक्रीटचं क्रीप होतं आणि बळ उतरतं. म्हणून हंगामी बदलाला मी E निम्मा धरतो. कॉलमला बारीक तडे गेले की कडकपणा आणखी कमी होतो. २६८ चा मोमेंट असा १३० च्या खाली येतो. पण याच्या उलट बाजूला श्रिंकेज उभं आहे. काँक्रीट सुकताना ०.०००३ च्या आसपास आखडतं, ते ३० अंश तापमान उतरल्याबरोबर आहे. त्यातलं काही स्लॅब जोडला जाण्याआधीच होऊन जातं, म्हणून मी त्यातले १५ अंशच हिशोबात घेतो. हंगामी २० अंश आणि हे १५ मिळून ३५. म्हणजे वरचे सगळे आकडे पावणेदोन पट. जॉइंटला नाव एक्स्पान्शनचं असलं तरी काँक्रीटच्या इमारतीत तो जन्मभर बहुतेक उघडतच राहतो.

ΔT ठरवताना लोक हमखास चुकतात. वर्षातलं सर्वात जास्त तापमान वजा सर्वात कमी, असं नसतं ते. स्लॅब ज्या दिवशी कडक होऊन कॉलमांना जोडला गेला, त्या वेळच्या तापमानापासून मोजायचं. भर उन्हाळ्यात ओतलेल्या स्लॅबला पुढे फक्त उतरायचंच असतं. दुसरं म्हणजे इमारत पूर्ण झाल्यावर आतलं तापमान फार हलत नाही, विशेषतः वातानुकूलित असेल तर. सर्वात वाईट काळ असतो बांधकामाचा, जेव्हा उघडा सांगाडा एखादं वर्ष उन्हा-थंडीत उभा राहतो. डिझाइनच्या कागदावर हा काळ मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

आता तुमच्या इमारतीकडे येऊ. कोअरमध्ये लांबीच्या दिशेने ४ मीटर लांब, २०० जाडीची एक भिंत धरली तर पहिल्या स्लॅबच्या पातळीला तिचा कडकपणा, वाकणं आणि शिअर दोन्ही धरून, मिलिमीटरला ९६० किलोन्यूटनच्या आसपास येतो. म्हणजे एकटी भिंत साठ कॉलमांइतकी. प्रत्येक टोकाला अशा दोन भिंती असतील तर k1 आणि k2 प्रत्येकी १९२०. तुमच्या १५ मीटर रुंद, ९६ मीटर लांब मजल्याचा EA/L सुमारे ७२६. वरच्या स्प्रिंगच्या सूत्रात घाला: पूर्ण जखडीच्या ५७ टक्के. कॉलमांची अडवणूक अजून यात धरलेलीच नाही. २० अंशांना २.८५ एमपीए, क्रीपने निम्मे, श्रिंकेजने पावणेदोन पट, म्हणजे सरतेशेवटी २.५ एमपीएच्या जवळ. एम२५ काँक्रीट सरळ ओढीत साधारण तेवढ्यालाच तडकतं. फुटिंगखालची माती थोडी सैल पडली तर आकडा उतरेल, पण त्यावर भरवसा ठेवून मी सही करणार नाही.

शिवाय तडा कुठे जाईल हेही सांगता येतं: मध्ये जिथे डक्ट किंवा जिन्याची मोकळी जागा आहे तिथे. मजल्याची रुंदी तिथे निम्मी झाली की त्या जागी स्ट्रेस दुप्पट. आणि तडा गेल्यावर तो धरून ठेवायला स्टील पुरेसं आहे का, हेही बघावं लागतं. १५० च्या स्लॅबमध्ये वितरणाचं किमान ०.१२ टक्के स्टील म्हणजे मीटरला १८० चौ. मिमी, एफई ५०० असेल तर यिल्ड होईपर्यंत ९० किलोन्यूटन धरेल. तडकताना काँक्रीट मात्र मीटरला ३०० किलोन्यूटनच्या वर ओढ सोडून देतं. स्टील लगेच यिल्ड होतं आणि बारीक वीस तड्यांऐवजी एकच रुंद तडा उघडतो, ज्यातून पाणी खालच्या मजल्यावर येतं. जखडलेल्या स्लॅबमध्ये तडे बारीक आणि विखुरलेले हवे असतील तर ०.४५ टक्क्यांच्या आसपास स्टील लागतं. किमान स्टील घातलं म्हणजे तापमानाचं भागलं, असं जे म्हणतात ते मोकळ्या टोकाच्या स्लॅबबद्दल खरं आहे, तुमच्याबद्दल नाही.

मग मध्ये जॉइंट दिला की सुटलात? स्लॅबपुरते सुटलात, कॉलमांपुरते नाही. जॉइंटनंतर प्रत्येक तुकड्याला एकच कोअर उरतो आणि तोही बाहेरच्या टोकाला. न हलणारा बिंदू तुकड्याच्या मध्याशी राहत नाही, तो कोअरला जाऊन चिकटतो. जॉइंटजवळचा कॉलम कोअरपासून ४८ मीटरवर, हालचाल पुन्हा ९.६ मिमी. म्हणजे जॉइंट देऊनही जॉइंटजवळच्या कॉलमांचा मोमेंट तेवढाच राहिला, जेवढा कोअर नसलेल्या अखंड इमारतीत टोकाच्या कॉलमांना होता. जॉइंट मोजायचा तो इमारतीच्या लांबीवरून नाही, न हलणाऱ्या बिंदूपासूनच्या अंतरावरून. १९७४ साली अमेरिकेत फेडरल कन्स्ट्रक्शन कौन्सिलने जॉइंटच्या अंतरावर जो अहवाल काढला, त्यातही हे दिसतं. एका टोकाला कडकपणा बराच जास्त असेल तर परवानगीची लांबी २५ टक्क्यांनी कमी करा, कॉलमचे पाय फिक्स असतील तर १५ टक्क्यांनी, इमारत तापवली जाणार नसेल तर ३३ टक्क्यांनी; उलट तापवण्याबरोबर वातानुकूलनही असेल तर १५ टक्के वाढवा. कोडच्या एका ओळीत हा बारकावा मावत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. पहिला प्रयत्न कोअर हलवायचा करा. जॉइंट ४८ मीटरवर ठेवा आणि प्रत्येक तुकड्याचा कोअर त्या तुकड्याच्या मध्याजवळ आणा. मग दूरचा कॉलम २४ मीटरवर येतो, हालचाल ४.८ मिमी, आणि बहुतेक नेहमीच्या कॉलममध्येच काम होतं. भूकंपाच्या दृष्टीनेही हेच बरं, कारण टोकाला कोअर असलेला तुकडा आडव्या धक्क्याला पिळवटतो. एखाद्या गाळ्याने इकडे-तिकडे झालं तरी चालेल, मध्य मिमीत गाठायचा नाही.

आर्किटेक्ट कोअर हलवू देत नसतील तर जॉइंटजवळचे शेवटचे दोन-तीन कॉलम आडवे फिरवा. ४५० रुंदीच्या दिशेला आणि ३०० लांबीच्या दिशेला ठेवले की कडकपणा ०.४४ पट होतो. ९.६ मिमीला मोमेंट २६८ ऐवजी ११९, E निम्मा धरून ६० च्या आसपास. जॉइंटवर जोड कॉलम असतात आणि प्रत्येकावर अर्ध्या गाळ्याचंच वजन येतं, त्यामुळे बारीक कॉलम तिथे चालतो. कॉलम जाड करून मोमेंट पेलायला जाऊ नका. जाडी वाढवली की कडकपणा घनाच्या प्रमाणात वाढतो आणि मोमेंट तुमच्या मागे मागे येतो. हीच गोष्ट उंचीला उलटी लागू होते. पार्किंगमध्ये अर्ध्या उंचीची वीट-भिंत दोन कॉलमांमध्ये घट्ट बसवली आणि ३.५ मीटरचा कॉलम १.५ मीटरच उघडा राहिला, तर कडकपणा जवळजवळ तेरापट. टोकाच्या गाळ्यात अशी भिंत असेल तर कॉलमपासून तिला फट ठेवून बांधा.

तीन तुकडे करू का, असं काही जण विचारतात. मधल्या तुकड्याला कोअरच नाही उरणार. भूकंपाला तो एकटा उभा राहणार आहे का, हे बघितल्याशिवाय करू नका. शिवाय प्रत्येक जॉइंट म्हणजे गळतीची एक जागा. मी जॉइंट कमीत कमी ठेवण्याच्या बाजूचा आहे.

सॉफ्टवेअरबद्दल. टेम्परेचर लोड घाला, पण स्लॅबला रिजिड डायफ्रॅम दिलेला असेल तर तो लोड घालून काहीही कळणार नाही. रिजिड डायफ्रॅम म्हणजे मजल्यावरचे बिंदू एकमेकांपासून दूर जाऊच शकत नाहीत. स्लॅब वाढत नाही, आखडत नाही, कॉलम शांत, आणि रिपोर्टमध्ये सगळं हिरवं. एका मुलाने मला १४० मीटरच्या इमारतीचं असंच मॉडेल दाखवलं होतं, जॉइंट लागत नाही म्हणून खूश होता. टोकाच्या कॉलमचं डिस्प्लेसमेंट विचारलं तर शून्य. तापमानाच्या केससाठी डायफ्रॅम सेमी-रिजिड करा, स्लॅबला खरा मेश द्या, आणि पहिली तपासणी हीच: टोकाची हालचाल αΔT गुणिले न हलणाऱ्या बिंदूपासूनचं अंतर, याच्या जवळ येते का. तुमच्या फ्रेमला ८.५ ते ९.६ मिमी यायला हवं. याच्या खूप कमी आलं तर कुठेतरी काहीतरी जखडलं आहे. त्याच्या उलट, पाया पूर्ण फिक्स आणि E पूर्ण धरून येणारे मोमेंट घाबरवणारे असतात, म्हणून E कमी केलेली दुसरी रनही काढा. आणि एक गोष्ट सॉफ्टवेअर सांगत नाही: हे बळ हालचाल झाली की ओसरतं. कॉलमला तडा गेला तर मोमेंट उतरतो. शिअरमध्ये फुटलेल्या आखूड कॉलमला मात्र ही सवलत नाही.

जॉइंटची रुंदी आता काढू. कोअर टोकांनाच राहिले असं धरा. दोन्ही तुकडे जॉइंटपासून दूर खेचणार, प्रत्येकी ४८ मीटर, म्हणजे उघडण्याला एकूण ९६ मीटर धरायचे. २० अंशांना १९ मिमी, श्रिंकेज धरून ३४ मिमी. उन्हाळ्यात १५ अंश चढले तर १४ मिमी बंद होणार. फिलर बोर्ड निम्म्यापर्यंत दाबला जातो असं धरलं तर बंद होण्यासाठी २९ मिमी फट लागते. पण उघडणं बघा: नेहमीचा सीलंट रुंदीच्या २५ टक्के हालचाल सोसतो. ३४ मिमी सोसायला १३६ मिमी रुंद सीलंट लागेल, तो टिकणार नाही. तिथे एका बाजूला पक्की आणि दुसऱ्या बाजूला सरकणारी धातूची पट्टी हवी, खाली पाणी अडवायला लवचिक वळी. कोअर मध्यावर आणले तर हालचाल निम्मी होते आणि गोष्टी हाताबाहेर जात नाहीत. भूकंपाला लागणारं अंतर वेगळं काढा. दोहोंपैकी मोठं ते घ्यायचं, आणि उंच इमारतीत बहुतेक वेळा भूकंपाचंच मोठं निघतं.

जॉइंट फुटिंगपर्यंत नेण्याची गरज नाही. जोड कॉलमांना एकच फुटिंग चालतं, जमिनीखाली तापमान फार हलत नाही. मात्र जमिनीच्या वर तो सगळ्यातून आरपार गेला पाहिजे: स्लॅब, बीम, भिंत, प्लास्टर, फरशी, पॅरापेट, वॉटरप्रूफिंग. श्रिंकेजसाठी एक मीटरची पट्टी उघडी ठेवून सहा-आठ आठवड्यांनी भरतात, तिला जॉइंटचा पर्याय समजू नका. ती सुरुवातीचं आखडणं काढून टाकते, ऋतूंचं नाही.

साइटवर जॉइंट बिघडतो तो असा. एका इमारतीत जॉइंटच्या दोन्ही बाजूंच्या बीमना बरोबर गाळ्याच्या टोकाशी तिरके तडे आले होते. ड्रॉइंगमध्ये २५ मिमीचा जॉइंट, वरून छान सील केलेला. मी टॉर्च लावून फटीत स्टीलची पट्टी घातली, ती १८० मिमीवर अडकली. खालून थर्माकोल फोडला तर मागे स्लरी गोठून बसली होती: दुसरा तुकडा ओतताना थर्माकोल सरकला आणि काँक्रीट फटीत घुसलं. तेवढ्या पुलावरून दोन्ही तुकडे एकमेकांना ढकलत होते. त्याहून वाईट म्हणजे गच्चीवर पॅरापेटची सळई सरळ आरपार गेलेली. जॉइंट होता, फक्त कागदावर. तेव्हापासून दुसरा तुकडा ओतायच्या आधी पट्टी घालून तपासतो आणि शटरिंग काढल्यावर पुन्हा.

तडा तापमानाचा आहे हे कसं ओळखायचं? तड्यावर दोन बाजूंना खुणा करून पहाटे आणि दुपारी तीनला अंतर मोजा, आठवडाभर. रोज मागे-पुढे होत असेल तर तापमान. एकदिशेने हळूहळू वाढून वर्ष-दोन वर्षांत थांबला तर श्रिंकेज. खालून सुरू होऊन वर अरुंद होत गेलेला, आणि पावसाळ्यानंतर वाढणारा असेल तर पाया बघा, जॉइंटच्या मागे लागू नका. गच्चीच्या स्लॅबची कहाणी इथेच दिसते: काळ्या वॉटरप्रूफिंगखालचा स्लॅब दुपारी आतल्या मजल्यांपेक्षा खूप तापतो, खालची वीट-भिंत गार राहते, आणि वरच्या मजल्यावर इमारतीच्या दोन टोकांना विटांच्या पायऱ्यांसारखे तिरके तडे पडतात, मधल्या गाळ्यांत काही नाही. तिथे जॉइंट वाढवून उपयोग होत नाही. स्लॅबवर इन्सुलेशन आणि पांढरा थर टाका, आणि भिंतीच्या माथ्याशी स्लॅबला सरकू देणारा थर ठेवा.

तुमच्या पुढच्या ड्रॉइंगवर कोअरची नवी जागा ठरली की टोकाच्या हालचालीचा आकडा आणि दोन E च्या दोन्ही रन पाठवा. कॉलम बघून सांगतो.